‘हे कोणी केलं?’ असं सीनियरनं विचारल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअरच्या पाच-सात जणांच्या टीममध्ये काम करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. प्रोजेक्ट संपतो, डेमो होतो आणि मग डिलिव्हरी हेड किंवा त्यांच्याही वरचं कोणीतरी सहज विचारतं, ‘यातलं कोणी काय केलं?’ तिथे बोलताना होणारी फजिती बहुतेक वेळा खोटेपणामुळे होत नाही. काम वाटणीत नेमकं कसं पडलं होतं, हे आपण आधी मांडूनच पाहिलेलं नसतं. सगळी उत्तरं एकाच उदाहरणाभोवती दिली आहेत. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला हिशेब खरा आहे.

आधी उदाहरण सांगा. प्रोजेक्ट काय होता?

एका दूध संघाचं बिलिंग. गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध जमा होतं, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, मोजलं जातं, त्यावरून दरपत्रकातला दर लागतो आणि दहा दिवसांचं बिल एकदम निघतं. १२,००० उत्पादक धरा. दिवसाला दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे २,४०,००० नोंदी झाल्या.

जुना प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेसला नव्यानं दर विचारायचा. दरपत्रकाच्या टेबलात कित्येक वर्षांची जुनी पत्रकं साठलेली आणि इंडेक्स नाही, त्यामुळे एका क्वेरीला ६० मिलिसेकंद लागायचे. २,४०,००० गुणिले ६० मिलिसेकंद म्हणजे १४,४०० सेकंद, बरोबर चार तास. बाकीची बेरीज-वजाबाकी आणि छपाई २० मिनिटांची. एकूण ४ तास २० मिनिटं.

आता माणसं. मूळ कारण शोधलं एका सीनियर डेव्हलपरनं. त्यानं स्लो क्वेरी लॉग उघडला, तीच क्वेरी लाखो वेळा दिसली, आणि ‘दरपत्रक एकदाच मेमरीत घे’ असं चहाच्या टपरीवर तुम्हाला सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला. डीबीएनं टेबलावर इंडेक्स टाकला, एका ओळीची कमांड. तुम्ही दर काढण्याचा सगळा भाग नव्यानं लिहिलात, त्यात तीन आठवडे गेले. सपोर्टच्या माणसानं संस्थांच्या सचिवांकडून हातानं तपासलेली जुनी बिलं मिळवली. टेस्टरनं ती नव्या बिलांशी ताडून पाहिली. आणि एका ज्युनियरनं त्याच काळात सगळ्या कोडवर फॉरमॅटर चालवला.

बिल आता २० मिनिटांत निघतं. डेमोनंतर हेड विचारतात, ‘छान झालंय. कोणी केलं हे?’

विचारणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

हे आधी ओळखायला हवं, कारण उत्तर किती लांब द्यायचं ते त्यावर ठरतं. रात्री बिल अडकलं तर फोन कोणाला करायचा, एवढंच काही वेळा हवं असतं. काही वेळा असलंच काम दुसऱ्या संघाकडून आलेलं असतं आणि ते कोणाच्या हाती द्यावं हे पाहायचं असतं. अप्रेझल जवळ आलं असेल तर तो वेगळाच प्रकार. आणि कधी सूर गोड असला तरी काहीतरी बिघडलेलं असतं.

कळलं नाही तर सरळ विचारा: ‘सर, पुढच्या कामासाठी विचारताय का, की रिव्ह्यूसाठी? त्याप्रमाणे सांगतो.’ याला उद्धटपणा कोणी म्हणत नाही. मात्र उद्देश कोणताही असला तरी उत्तराची लांबीच बदलते, त्यातली नावं बदलत नाहीत. फोन कोणाला करायचा एवढंच विचारलं असेल तर ‘मला करा’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘कोणी केलं’ असं विचारल्यावर ‘मी’ एवढंच म्हणणं मात्र आपल्या उदाहरणात खोटं ठरतं.

पण कोड तर मीच लिहिला. मग ‘मी केलं’ म्हणण्यात चूक काय?

आकडे बघू. फक्त इंडेक्स टाकला असता आणि तुमचं कोड आलंच नसतं, तर क्वेरी ६० वरून २ मिलिसेकंदांवर आली असती. २,४०,००० नोंदींचे ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं. त्यात बाकीची २० मिनिटं मिळवा, बिल २८ मिनिटांत. उलट, इंडेक्स न टाकता फक्त तुमचं कोड आलं असतं, तर दरपत्रक एकदाच वाचलं जाऊन बिल सरळ २० मिनिटांत निघालं असतं.

म्हणजे दोघांपैकी कोणाही एकट्याच्या कामानं चार तासांचा घोर जवळजवळ संपत होता. प्रत्यक्षात इंडेक्स आधी पडला, म्हणून ४ तास २० मिनिटांवरून २८ मिनिटांपर्यंत आणलं ते डीबीएनं, आणि २८ वरून २० वर आणलं तुम्ही. तीन आठवडे राबून वेळेत पडलेला फरक आठ मिनिटांचा. ऐकायला बरं वाटत नाही, पण लॉगमध्ये तारखा आहेत आणि कोणीही त्या बघू शकतं.

मग तुमचे तीन आठवडे वाया गेले का? नाही. डेटाबेसवर दर दहा दिवसांनी पडणारा २,४०,००० क्वेरींचा भार गेला, उत्पादक वाढले तरी दर विचारण्याचा वेळ त्या प्रमाणात वाढणार नाही, आणि दर काढण्याचं गणित तीन ठिकाणी पसरलेलं होतं ते एका जागी आलं. तुमचं काम हे आहे, तेव्हा हेच सांगा. ‘चार तासांचं काम २० मिनिटांवर आणलं’ हे वाक्य टीमचं आहे. तुम्ही एकट्यानं ते घेतलंत, तर डीबीएच्या एका ओळीवर तुमची सही होते.

मग ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’ म्हणावं का?

नम्र वाटतं खरं, पण त्यातून विचारणाऱ्याला काहीच कळत नाही. सगळ्यांत कमी काम केलेल्याला आणि सगळ्यांत जास्त केलेल्याला ते सारखंच लेखतं. शिवाय वरिष्ठांच्या डोक्यात ‘सगळे’ याचा अर्थ समोर उभे असलेले लोक असा होतो. दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला सीनियर आणि वेगळ्या मजल्यावर बसणारा सपोर्टवाला त्यात येत नाहीत.

‘करण्यात आलं’, ‘ऑप्टिमाइझ झालं’ ही सरकारी वळणाची वाक्यंही तशीच. काम आपोआप झाल्यासारखं वाटतं. माझं मत विचाराल तर श्रेय लाटणाऱ्यांपेक्षा या गुळमुळीत वाक्यांनी जास्त लोकांची नावं बुडवली आहेत.

मग नेमकं बोलायचं कसं?

प्रत्येक वाक्यात एक माणूस, एक क्रिया आणि कामाचा एक तुकडा. ‘शोधलं’, ‘सुचवलं’, ‘लिहिलं’, ‘तपासलं’, ‘मिळवून दिलं’ या क्रिया वेगवेगळ्या आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका. आपल्या उदाहरणात तोंडी उत्तर साधारण असं होईल, भूमिकांच्या जागी खरी नावं घालून:

‘सर, मूळ कारण आपल्या जुन्या सीनियरनं शोधलं. क्वेरी लॉग त्यानं काढला, आणि दरपत्रक मेमरीत घ्यायची कल्पनाही त्याचीच. डीबीएनं इंडेक्स टाकला, त्यानंच वेळ २८ मिनिटांवर आला. दर काढण्याचा भाग नव्यानं मी लिहिला. त्यामुळे वेळ २० वर आला आणि डेटाबेसवरचा भार गेला. त्यात माझी एक मोठी चूक राहत होती, ती टेस्टरनं पकडली. ती पकडता आली कारण सपोर्टनं संस्थांकडून जुनी बिलं आणून दिली होती.’

बोलायला अर्धं मिनिट लागतं. पाच माणसं आली, प्रत्येकाचा तुकडा आला, आणि तुमचं कामही कुठे लपलं नाही. ‘मी लिहिला’ हे स्पष्ट आहे, त्यात ‘थोडंसं’, ‘जमेल तसं’ असं काही नाही. स्वतःचं काम उगाच बारीक करून सांगणं हीसुद्धा चुकीचीच माहिती असते. पुढच्या वेळी असं काम कोणाला द्यायचं हे त्यावरून ठरणार असेल, तर तुमच्या संकोचामुळे ते भलत्याच्या गळ्यात पडतं.

टेस्टरनं पकडलेली चूक एवढी सांगण्यासारखी होती का?

होती, आणि म्हणूनच ती जरा सविस्तर सांगतो. तुमच्या नव्या कोडनं बिल सुरू होताना दरपत्रक एकदा वाचलं आणि दहाही दिवसांना तेच लावलं. पण संघ कधीकधी दहा दिवसांच्या मध्येच दर बदलतो. समजा सहाव्या दिवसापासून दर लिटरमागे दोन रुपयांनी वाढला. जुनं कोड दर नोंदीला तारीख घालून विचारायचं, त्यामुळे संथ होतं पण बरोबर होतं. नव्या कोडनं पहिल्या दिवसाचं पत्रक धरलं, म्हणजे शेवटच्या पाच दिवसांत उत्पादकाला लिटरमागे दोन रुपये कमी. दिवसाला वीस लिटर घालणाऱ्याचे पाच दिवसांत दोनशे रुपये बुडाले असते.

सहसा टेस्टसाठी वापरला जाणारा डेटा एकाच दरपत्रकाचा असतो, त्यामुळे यात काहीच दिसलं नसतं. सपोर्टच्या माणसानं सचिवांकडून मुद्दाम ‘मध्येच दर बदललेला’ एक दहावडा मागून आणला होता. टेस्टरनं त्यातली बिलं एकेका ओळीनं ताडली आणि सहाव्या दिवसापासून फरक दाखवला. तुम्ही दुरुस्ती केलीत: आता पत्रकं मेमरीत तारखेप्रमाणे राहतात.

गिटमध्ये टेस्टरच्या नावावर शून्य कमिट आहेत. सपोर्टच्या माणसाला तर रिपॉझिटरीचा अ‍ॅक्सेसही नाही. या दोघांवाचून गेलं असतं तर प्रोजेक्ट वेगवान आणि चुकीचा झाला असता.

गिटचा लॉगच दाखवला तर? त्यात कोणी काय केलं ते आहेच की.

लॉगमध्ये कोणी काय *साठवलं* ते आहे. बरेच लोक पहिल्यांदा हे चालवतात:

```
git shortlog -sn --no-merges v4.1..v4.2
```

यातून दोन आवृत्त्यांमध्ये कोणाच्या नावावर किती कमिट आहेत ते कळतं. पण एकजण दर तासाला कमिट करतो, दुसरा आठवड्याचं काम एका कमिटमध्ये टाकतो. शाखा जोडताना स्क्वॉश मर्ज केलं की सगळी कमिटं दाबून एक होते आणि साधारणपणे लेखक म्हणून एकच नाव पुढे राहतं. दोघांनी एका लॅपटॉपवर बसून लिहिलं असेल, तर नाव लॅपटॉपच्या मालकाचं लागतं.

दुसरी सवय म्हणजे `git blame`. प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा लागला ते यात दिसतं. आपल्या ज्युनियरनं फॉरमॅटर चालवला, त्यामुळे आता अर्ध्याअधिक ओळींवर त्याचं नाव आहे. त्यानं केलं ते फक्त समास सरळ करणं. हे टाळायचं तर फॉरमॅटिंगच्या कमिटचा पूर्ण हॅश एका फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि मग असं चालवतात:

```
git blame -w -C --ignore-revs-file .git-blame-ignore-revs RateCalc.java
```

`-w` मुळे नुसत्या मोकळ्या जागांचे बदल सोडले जातात, `-C` मुळे दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या ओळी मूळ लेखकाकडे जाण्याचा प्रयत्न होतो. तिसऱ्या पर्यायानं फॉरमॅटिंगचं कमिट वगळलं जातं. इतकं केल्यावर चित्र बरंच खरं होतं. तरीही डीबीएचा इंडेक्स प्रॉडक्शनवर थेट टाकला असेल, तर तो यात नाही. टपरीवरचा सल्ला नाही. टेस्टर नाही.

म्हणून लॉग स्वतःसाठी वापरा, उत्तर देण्याआधी आठवण ताजी करायला. हेडच्या समोर स्क्रीन फिरवून आकडे दाखवलेत, की ते आकडेच पुढे फिरत राहतात, आणि सहा महिन्यांनी ज्युनियरनं बिलिंग लिहिलं असं कोणीतरी म्हणतं.

हेड म्हणाले, ‘टक्के सांग.’ आता?

आपल्या उदाहरणात टक्के निघतच नाहीत. इंडेक्स आधी धरला तर वाचलेल्या २४० मिनिटांतली २३२ डीबीएची, जवळजवळ ९७ टक्के. कोड आधी धरलं तर २४० च्या २४० तुमची आणि डीबीएचं शून्य. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त क्रम बदलला. टेस्टरनं चुकीचं बिल जाण्यापासून वाचवलं, ते मिनिटांत कसं मोजणार?

दुसरी अडचण आपल्या आठवणीची. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं, घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत पूर्ण कामापेक्षा जास्त भरली. त्यांचं म्हणणं असं की यामागे बढाईपेक्षा आठवण असते: आपण केलेलं आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्यानं केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. टीममध्ये हेच होतं. तुम्हाला तुमच्या रात्री आठवतात, टेस्टरच्या रात्री तुम्हाला माहीतच नसतात.

तेव्हा सांगा, ‘सर, टक्क्यांत सांगितलं तर चुकीचं सांगेन. तुकड्यांत सांगतो.’ फारच आग्रह झाला तर प्रत्येक तुकड्यापुढे ‘मुख्य’, ‘बरोबरीनं’ किंवा ‘मदत’ असं लिहून द्या. संशोधनाच्या क्षेत्रात हीच रीत आहे. तिथल्या ‘क्रेडिट’ नावाच्या पद्धतीत कामाच्या १४ भूमिका ठरवल्या आहेत: कल्पना, सॉफ्टवेअर, पडताळणी, डेटा सांभाळणं वगैरे. लेखक प्रत्येक भूमिकेपुढे नावं लिहितात आणि हवं तर अशीच श्रेणी लावतात. टक्के कुठेच नाहीत.

ज्यानं फक्त सुचवलं त्याचं नाव किती मोठ्यानं घ्यायचं?

एक कसोटी मी वापरतो: तो बोलला नसता तर काय झालं असतं? आपल्या सीनियरनं नुसतं ‘कॅशिंग बघ’ म्हटलं असतं, तर तसं कोणीही म्हणतं, आणि एका वाक्यात आभार पुरले असते. पण त्यानं लॉग काढला, नेमकी क्वेरी दाखवली, उपायही सांगितला. तो नसता तर तुम्ही कदाचित छपाईचा भाग वेगवान करत बसला असता, जो मुळात २० मिनिटांतलाच एक हिस्सा होता. म्हणून त्याचं नाव पहिलं.

तो आता टीममध्ये नाही, हे नाव न घेण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट तो खोलीत नाही म्हणून तुमच्याशिवाय त्याचं नाव कोणी घेणारच नाही.

इंटरनेटवरून किंवा जुन्या प्रोजेक्टमधून घेतलेलं कोड?

विचारलं नसलं तरी सांगा. ‘तारखेप्रमाणे पत्रक शोधायचा भाग आपल्या पशुखाद्याच्या प्रोजेक्टमधून उचललाय, बदल करून.’ यानं तुमची किंमत कमी होत नाही, आणि तिथे पुढे बग सापडला तर इथेही बघायला हवं हे वरिष्ठांना कळतं. ओपन सोर्स लायब्ररी असेल तर तिचा परवाना हा वेगळाच विषय आहे. तिथे श्रेय देणं ही बऱ्याचदा अटच असते.

एकानं खरंच काही केलं नाही. तेही सांगायचं का?

‘कोणी काय केलं’ या प्रश्नाला ‘अमक्यानं काही केलं नाही’ हे उत्तर द्यायची गरज नसते. झालेल्या कामाची नावं सांगा. ज्याचं नाव आलं नाही त्याबद्दल हेड विचारतील, तेव्हा तुम्हाला जेवढं दिसलं तेवढंच बोला: ‘त्याच्याकडे रिपोर्टचा भाग होता, तो या आवृत्तीत आला नाही.’ का आला नाही हे त्यालाच विचारू द्या. घरी आजारपण असेल, दुसऱ्या मॅनेजरनं काम लादलं असेल, तुम्हाला माहीत नसतं.

त्याला वाचवण्यासाठी त्याच्या नावावर खोटं काम मात्र लावू नका. ‘तोही होता बरोबर’ म्हणून टेस्टरच्या कामात त्याला घुसवलंत, तर भरलेला वाटा टेस्टरच्या ताटातला असतो.

माझ्यासमोरच सहकारी म्हणाला, ‘दर काढायचं लॉजिक मी केलं.’ काय करू?

आधी हे धरून चाला की त्याला तसं खरंच वाटत असेल. वर सांगितलेल्या नवरा-बायकोंसारखंच. तेव्हा ‘खोटं आहे’ म्हणू नका, तुकडे पाडा: ‘जुनं लॉजिक याचंच होतं, त्यावरूनच मला नियम कळले. या आवृत्तीतलं मेमरीचं आणि तारखांचं मी लिहिलं.’ बहुतेक जण इथे ‘हो हो, तेच म्हणत होतो’ म्हणतात आणि विषय संपतो.

तो तरीही अडून राहिला तर मीटिंगमध्ये वाढवू नका. बाहेर आल्यावर त्याला एकट्याला गाठा, आणि त्यानंतर दोघांच्या कामाची चार ओळींची नोंद हेडना पाठवा, त्याला सीसीमध्ये ठेवून. सीसी न ठेवता पाठवलेली मेल चुगली ठरते, मजकूर कितीही खरा असो.

उलट झालं तर? हेड सगळ्यांसमोर म्हणाले, ‘याने एकट्याने ओढून नेलं.’

लगेच, त्याच खोलीत दुरुस्त करा, आणि एका वाक्यात. ‘थँक यू सर, पण २८ मिनिटांवर डीबीएनं आणलं होतं, माझं त्यापुढचं आहे.’ लांबलचक नको, नाहीतर कौतुक करणाऱ्यालाच खजील केल्यासारखं होतं. नंतर खासगीत दुरुस्त करतो म्हणाल तर उपयोग थोडा, कारण डीबीएनं आणि टेस्टरनं तोवर ऐकलेलं असतं, आणि तुम्ही गप्प बसलात हेही पाहिलेलं असतं.

मेलवर झालं असेल तर ‘रिप्लाय ऑल’ करा. ज्या यादीला चुकीची माहिती गेली, त्याच यादीला बरोबर माहिती जायला हवी.

बग निघाल्यावर ‘हे कोणी लिहिलं?’ विचारलं तर?

ओळ तुमची असेल तर ‘मी’. इथे मात्र आडवळण नको. श्रेयाच्या वेळी पाच नावं आणि चुकीच्या वेळीही पाच नावं, असं केलंत तर पहिली यादीही संशयास्पद होते. टेस्टरनं पकडलं नाही, रिव्ह्यूत दिसलं नाही, हे खरं असलं तरी ते तुम्ही न सांगता हेडनी विचारून काढू द्या.

अप्रेझलच्या फॉर्मवर इतकी नावं लिहायची तर माझं काय उरलं?

फॉर्म तुमचा आहे, तेव्हा कर्ता तुम्हीच असणार. पण परिणामाचा आकडा आणि तुमचा तुकडा वेगळे लिहा. ‘बिलिंगचा वेळ ४ तास २० मिनिटांवरून २० मिनिटांवर (टीम, इंडेक्स डीबीएचा). दर काढण्याचा भाग नव्यानं लिहिला. दर बिलामागे सुमारे २,४०,००० क्वेरी बंद.’ दुसरा आकडा पूर्णपणे तुमचा आहे आणि पहिल्याइतकाच दणकट आहे. शिवाय तेच हेड डीबीएचाही फॉर्म वाचतात. दोघांनीही चार तास एकट्याच्या नावावर लिहिले असतील तर ते दोन्ही फॉर्म बाजूला ठेवतात.

आणि मुलाखतीत?

तिथे सोबतचं कोणी नसतं, म्हणून लोक सैल सुटतात. मुलाखत घेणारा मात्र दोन प्रश्न आत जातो: इंडेक्स कोणत्या कॉलमवर होता, आधी एक्स्प्लेन प्लॅनमध्ये काय दिसत होतं? तो तुकडा तुमचा नसेल तर इथेच अडखळता, आणि मग तुमच्या खऱ्या तीन आठवड्यांवरही विश्वास उरत नाही.

हे सगळं आठवत बसण्यापेक्षा आधीच नोंद ठेवता येते का?

येते, आणि तिला फार वेळ लागत नाही. कमिट संदेशाच्या शेवटी, एक ओळ मोकळी सोडून, असं लिहायचं:

```
Load rate chart once per billing run

Suggested-by: Name <name@example.com>
Tested-by: Name <name@example.com>
Co-authored-by: Name <name@example.com>
```

लिनक्स कर्नलमध्ये `Suggested-by`, `Reported-by`, `Tested-by` या ओळी रोजच्या वापरात आहेत. `Co-authored-by` असेल तर गिटहब त्या माणसालाही लेखक म्हणून दाखवतं. नंतर मोजायचं झालं तर:

```
git shortlog -sn --group=author --group=trailer:co-authored-by v4.1..v4.2
```

कमिटमध्ये न मावणारं काम, म्हणजे इंडेक्स, आणलेली बिलं, संस्थेत जाऊन बसणं, हे रिलीज नोटच्या तळाशी लिहा. रिलीजच्याच दिवशी. महिन्याभरानं लिहायला बसलात तर पुन्हा आपलंच काम आधी आठवतं.

कोणाला आपलं नाव नकोच असेल तर?

असं होतं. डीबीए दुसऱ्या विभागाचा असतो, त्यानं तिकीट न काढता ओळखीखातर काम केलेलं असतं, आणि त्याचं नाव वर गेलं की त्याचा मॅनेजर विचारतो, ‘तुझे तास कुठे गेले?’ सपोर्टच्या माणसानं सचिवांकडून बिलं मागितली, त्याची रीतसर परवानगी होती का, हाही प्रश्न निघू शकतो.

म्हणून डेमोच्या आधी प्रत्येकाला विचारून घ्या: ‘उद्या कोणी विचारलं तर तुझं नाव घेऊ ना?’ कल्पना चारचौघांत मांडलेली नसेल तर `Suggested-by` त्या माणसाच्या परवानगीशिवाय लावू नये, असं कर्नलच्या नियमावलीतही सांगितलं आहे. नको म्हणाला, तर नाव गाळा, पण काम स्वतःकडे ओढू नका: ‘इंडेक्सचं काम दुसऱ्या विभागाच्या मदतीनं झालं.’ हेडनी खोदून विचारलंच तर ‘त्यांना विचारून सांगतो’ म्हणा, आणि खरंच विचारा. मात्र प्रॉडक्शनवर विनापरवानगी बदल झाला असेल, तर तो श्रेयाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डीबीएशी बोलून, त्याच्यासोबत जाऊन, मागाहून का होईना तिकीट काढून घ्या.